मेल गेला, पण पोहोचला कुठे?

समजा, देवगड तालुक्यातला एक हापूस बागायतदार दलालाला माल न देता पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या घरांत पाठवतो. चार-पाच हंगामांच्या बिलांतून त्याच्याकडे ८०० ईमेल पत्ते जमले आहेत. मार्चअखेरीस पहिली तोडणी झाली की तो या सगळ्यांना मेल धाडतो: पेटीत किती डझन, भाव काय, गाडी कधी सुटणार. संगणक सांगतो की ८०० मेल गेले आणि त्यातले तीसच परत आले. मागण्या मात्र येतात बारा. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करावा तर निम्मे म्हणतात, "मेल? आम्हाला काही मिळाला नाही." दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. मेल परत आला नाही याचा अर्थ समोरच्या सर्व्हरने तो ताब्यात घेतला, एवढाच. तो इनबॉक्समध्ये ठेवायचा की स्पॅमच्या कप्प्यात टाकायचा, हे तो सर्व्हर पुढे स्वतः ठरवतो आणि पाठवणाऱ्याला त्याबद्दल काहीही कळवत नाही.

हा निर्णय घेताना मजकूर तपासला जातोच, पण त्याहून जास्त वजन असतं ते या पाठवणाऱ्याच्या आधीच्या मेलांशी लोक कसे वागले याला. कोणी उघडून उत्तर दिलं, कोणी न वाचता काढून टाकला आणि मुख्य म्हणजे कोणी 'हा स्पॅम आहे' असं बटण दाबलं. त्यामुळे छोट्या व्यवसायाने न्यूजलेटरची आखणी नेहमीच्या उलट टोकाकडून करावी, असं माझं ठाम मत आहे. यादी कशी वाढेल याआधी यादीतून नाव कमी कसं होईल ते ठरवावं. फॉर्म, यादीचे रकाने आणि पाठवण्याचं वेळापत्रक या तीनही गोष्टी त्यातून जवळजवळ आपोआप ठरतात.

तीन माणसांचं वजन

जीमेल आणि याहू या दोन मोठ्या मेलसेवांनी फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्यांसाठी नवे नियम लागू केले. जीमेलच्या नियमांत तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं आहे, आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्याही खाली. तक्रार म्हणजे मेल मिळालेल्याने स्पॅमचं बटण दाबणं. आता आपल्या बागायतदाराचा हिशेब मांडू. ८०० चे ०.३ टक्के होतात २.४. म्हणजे ८०० पैकी तीन माणसांनी बटण दाबलं तरी त्या दिवसाचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं. एक लाख मेल पाठवणाऱ्या कंपनीला तीन तक्रारी जाणवतही नाहीत. लहान यादीत तीन माणसं फार जड होतात. एका दिवसाच्या आकड्यावरून कोणाचा मेल कायमचा अडवला जात नाही, पण हाच प्रकार तीन-चार वेळा घडला की घसरण सुरू होते.

लोक हे बटण रागानेच दाबतात असं नाही. दोन वर्षांपूर्वी कधीतरी एक पेटी मागवलेली असते, बागेचं नाव लक्षात राहिलेलं नसतं आणि मेल नको असतो. स्पॅमचं बटण मेलच्या वरच असतं, एका स्पर्शात काम होतं. नाव कमी करण्याची ओळ मात्र तळाशी, बारीक फिकट अक्षरांत; तीवर गेलं की पासवर्ड विचारणारं पान उघडतं. माणूस सोपा रस्ता धरतो. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याने नाव कमी केलं तो कोण ते कळतं आणि पुढचा मेल त्याला जात नाही. जीमेलवर ज्याने स्पॅम म्हटलं तो कोण ते पाठवणाऱ्याला कळवलं जात नाही. तो यादीत तसाच राहतो आणि पुढच्या मेललाही तेच बटण दाबतो.

यावर दुकानदाराची पहिली हरकत ठरलेली असते: सोय इतकी सोपी केली तर लोक निघूनच जातील. जातील, पण कोण जाईल ते पाहा. ज्याला आंबा घ्यायचा आहे तो जात नाही. जो जातो तो तसाही घेणार नव्हता, आणि थांबला असता तर बाकीच्यांचे मेल स्पॅममध्ये ढकलायला हातभार लावणार होता. दुसरी हरकत अशी की हे नियम रोज ५००० मेल पाठवणाऱ्यांसाठी आहेत, आमच्यासाठी नाहीत. ती अर्धी बरोबर आहे. एका क्लिकमध्ये नाव कमी करण्याची सक्ती जीमेलने ५००० च्या वरच्यांवरच केली आहे. तक्रारींच्या प्रमाणाची मर्यादा मात्र सगळ्यांना सारखी आहे.

बिलावरचा पत्ता म्हणजे होकार नव्हे

आपल्या बागायतदाराचे ८०० पत्ते बिलांतून आले, हीच मूळची गफलत आहे. गिऱ्हाइकाने पत्ता दिला तो पेटी कुठे पोहोचली हे कळावं म्हणून, दरवर्षी जाहिरात यावी म्हणून नव्हे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हा फरक स्पष्ट केला आहे. संमती मोकळ्या मनाने दिलेली, ठरावीक कामापुरती आणि स्पष्ट कृतीतून व्यक्त झालेली हवी. आणि ती देणं जितकं सोपं होतं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. माहिती का घेतो हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्यायही द्यायचा आहे, म्हणजे मराठीतही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तोवर थांबण्यात शहाणपण नाही, कारण जुनी यादी नव्या नियमांत बसवणं हे नवी यादी नीट सुरू करण्यापेक्षा फार कटकटीचं काम आहे.

यातून फॉर्म कसा असावा ते ठरतं. मागायचा तो फक्त ईमेल पत्ता, फार तर नाव. जन्मतारीख, फोन, घरचा पत्ता यांची न्यूजलेटरला गरज नाही. प्रत्येक जादा रकान्यामुळे काही लोक फॉर्म अर्धवट सोडतात आणि जमलेली माहिती सांभाळण्याची जबाबदारी वाढते. संमतीची चौकट असेल तर ती रिकामी ठेवायची, आधीच टिक केलेली नको. ऑर्डरच्या पानावर हा फॉर्म असला तर आंबा विकत घेण्याची अट म्हणून तो कधीही लावायचा नाही. आणि काय येणार, किती वेळा येणार, हे बटणाच्या वरच लिहायचं.

┌──────────────────────────────
फॉर्मवरचा मजकूर असा असू शकतो

हंगामाची खबर ईमेलवर हवी?
मोहोर, पहिली तोडणी, भाव आणि पाठवणीच्या तारखा. वर्षाला साधारण सहा मेल, हंगामाबाहेर दोनच.
ईमेल पत्ता: ________
☐ बागेकडून हे मेल यावेत, याला माझी संमती आहे.
तुमचा पत्ता आम्ही याच कामासाठी वापरतो, कोणालाही देत नाही. प्रत्येक मेलमधून एका क्लिकमध्ये नाव कमी करता येतं.
[ मला कळवत जा ]
└──────────────────────────────

बटण दाबल्यावर पत्ता लगेच यादीत घ्यायचा नाही. आधी त्या पत्त्यावर एक छोटा मेल जातो: "तुम्हीच नाव नोंदवलंत ना? मग इथे दाबा." दुव्यावर दाबलं तरच नाव पक्कं. याला दुहेरी होकार म्हणता येईल. याचं पहिलं काम चुका पकडण्याचं. घाईत gmail ऐवजी gmial लिहिलं जातं, आणि असे चुकीचे पत्ते यादीत साठले की परत येणाऱ्या मेलांचं प्रमाण वाढून पाठवणाऱ्याची पत घसरते. दुसरं काम महत्त्वाचं आहे. इंटरनेटवरचे उघडे फॉर्म शोधून त्यांत भलत्याचाच पत्ता भरत जाणारे आपोआप चालणारे प्रोग्रॅम असतात. दुहेरी होकार नसेल तर त्या बिचाऱ्या माणसाला न मागता तुमचे मेल जात राहतात आणि तो स्पॅमचं बटण दाबतो, त्यात त्याची काहीच चूक नसते. फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारा एक रकाना ठेवला की असे प्रोग्रॅम बरेच अडतात, कारण ते सापडेल तो प्रत्येक रकाना भरतात. तो भरलेला आला की नोंद फेकून द्यायची.

दुहेरी होकारात काही खरे गिऱ्हाईकही गळतात, हे मान्य करायला हवं. पुष्टीचा मेल कोणाच्या तरी स्पॅममध्ये जातो, कोणी विसरतो. फॉर्म भरल्यावर दिसणाऱ्या पानावर "आता तुमचा इनबॉक्स पाहा, नसेल तर स्पॅम पाहा" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं तर ही गळती कमी होते, थांबत नाही. ती किंमत मोजण्याजोगी आहे असं मला वाटतं.

खोडलेलं नाव, न फाडलेलं पान

यादी एक्सेलमध्ये असो की न्यूजलेटर पाठवणाऱ्या सेवेत, प्रत्येक पत्त्यापुढे त्याची सद्यस्थिती हवी. पुष्टी बाकी, चालू, नाव कमी केलेला, मेल परत येणारा, तक्रार केलेला: एवढ्या पाच स्थिती पुरतात. शिवाय पत्ता कुठून आला आणि होकार कधी मिळाला याची नोंद. नमुना असा:

```
email,status,source,consent_at,left_at
a@example.com,active,form,2026-01-12 20:41,
b@example.com,unsubscribed,box-card,2025-03-28 09:10,2026-02-03 07:55
```

इथे सर्वात जास्त नुकसान करणारी चूक घडते ती चांगल्या हेतूने. कोणी नाव कमी केलं की मालक ती ओळच पुसून टाकतो. पुढच्या हंगामात बिलांच्या फायलीतून पत्ते पुन्हा यादीत ओतले जातात आणि पुसलेला माणूस नव्याने आत येतो. त्याने स्पष्ट नाही म्हटलेलं असतं, त्यामुळे आता तो नाव कमी करत बसत नाही, सरळ तक्रार करतो. वाणी उधारीच्या वहीत चुकती झालेली रक्कम खोडतो, पान फाडत नाही. फाडलं तर पुढच्या महिन्यात तीच रक्कम पुन्हा मागितली जाईल. यादीचंही तसंच. नाव, खरेदीचा तपशील वगैरे काढून टाकावं, पण पत्ता 'नाव कमी केलेला' या शिक्क्यासह ठेवावा, फक्त मेल न पाठवण्यासाठी. नवी फाईल आत घेताना ती आधी या पत्त्यांशी ताडून पाहायची आणि जुळणारे वगळायचे. चांगल्या सेवा हे स्वतःच करतात. एक्सेलवर काम करणाऱ्याला ते हाताने करावं लागतं.

एका क्लिकच्या मागे काय घडतं

जीमेलमध्ये काही मेलांच्या वर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी 'Unsubscribe' असा शब्द दिसतो. तो मेलच्या मजकुरात नसतो. पाठवणाऱ्याने मेलसोबत जोडलेल्या, वाचकाला न दिसणाऱ्या दोन ओळींवरून जीमेल तो तयार करतं:

```
List-Unsubscribe: <https://example.com/u/7f3k9>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

पहिल्या ओळीत त्या एका वाचकासाठी बनवलेला दुवा आहे. शेवटचा 7f3k9 हा तुकडा प्रत्येकाचा वेगळा, म्हणून नाव-पासवर्ड विचारण्याची गरज पडत नाही. दुसरी ओळ का लागते हे समजून घेण्यासारखं आहे. अनेक कार्यालयांतली सुरक्षा-यंत्रणा आलेल्या मेलमधला प्रत्येक दुवा आधी स्वतः उघडून तपासते. दुवा नुसता उघडल्यावर नाव कमी होणार असेल, तर ही तपासणीच लोकांची नावं कमी करून टाकील आणि त्यांना पत्ताही लागणार नाही. म्हणून २०१७ मध्ये ठरलेल्या मानकाने असं केलं की वाचकाने बटण दाबल्यावर मेलसेवा त्या दुव्यावर एक वेगळ्या प्रकारची विनंती पाठवते, नुसतं पान उघडत नाही. ती विनंती आली तरच नाव कमी करायचं.

मेलच्या तळाशी दिसणारा दुवाही हवाच, कारण प्रत्येक मेल-ॲप वरचं बटण दाखवत नाही. तो उघडला की एक साधं पान आणि त्यावर एकच बटण: "यादीतून माझं नाव कमी करा." सुरक्षा-यंत्रणेने पान उघडलं तरी बटण दाबलं जात नाही, म्हणून हीही रचना सुरक्षित. कारण विचारायचं असेल तर बटण दाबून झाल्यावर, आणि तेही ऐच्छिक. याच पानावर "फक्त पहिल्या तोडणीची खबर द्या" असा दुसरा पर्याय ठेवला तर काही जण थांबतात, पण तो मुख्य बटणाच्या वर नको.

जीमेलच्या नियमानुसार मोठ्या पाठवणाऱ्यांनी ही विनंती दोन दिवसांत अमलात आणायची आहे. अमेरिकेचा २००३ चा कायदा कामाचे दहा दिवस देतो आणि प्रत्येक जाहिरात-मेलमध्ये व्यवसायाचा टपालपत्ता मागतो. हे देवगडला लागू पडतं ते असं: न्यू जर्सीतली मुलगी पुण्यातल्या आईवडिलांसाठी पेटी मागवते आणि न्यूजलेटरला नाव नोंदवते. दोन्ही नियम पाळण्याचा सोपा उपाय म्हणजे नाव त्याच क्षणी कमी करणं आणि बागेचा पूर्ण पत्ता तळाशी लिहिणं. एक भेद मात्र लक्षात ठेवावा. नाव कमी केलेल्याने नंतर पेटी मागवली तर पैसे मिळाल्याचा आणि माल निघाल्याचा मेल त्याला पाठवायचाच. तो न्यूजलेटर नाही. त्या मेलमध्ये "यंदाचा आमरसही घ्या" अशी पुस्ती जोडली की ती जाहिरात झाली.

आता पाठवणारा कोण, हा प्रश्न. स्वतःच्या साध्या जीमेल खात्यावरून बीसीसी करून ८०० जणांना पाठवता येत नाही, कारण अशा खात्याची दिवसाची मर्यादा ५०० आहे. शिवाय नाव कमी करण्याची सोय त्यात नसते. न्यूजलेटर सेवेतून @gmail.com च्या नावाने पाठवणंही चालत नाही, कारण जीमेलने न पाठवलेला पण जीमेलचं नाव लावलेला मेल संशयास्पद ठरतो. बागेच्या नावाचं स्वतःचं डोमेन घ्यावं आणि न्यूजलेटर सेवा देईल त्या नोंदी डोमेनच्या सेटिंगमध्ये घालाव्यात. एसपीएफ ही या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पाठवू शकतात याची यादी, डीकिम ही प्रत्येक मेलवरची डिजिटल सही, आणि डीमार्क ही या दोन्हींत खोट निघाल्यास काय करावं याची सूचना. नोंदी बसल्या की नाही ते असं तपासतात: स्वतःला मेल पाठवायचा, जीमेलमध्ये संगणकावर तो उघडून तीन ठिपक्यांखालचं 'Show original' दाबायचं. वरच्या तक्त्यात SPF, DKIM आणि DMARC या तिन्हींपुढे PASS दिसलं पाहिजे.

नऊ महिन्यांच्या झोपेनंतर

आंब्याचा धंदा हंगामी, आणि हंगामी याद्यांचं दुखणं असं की त्या जूनपासून फेब्रुवारीपर्यंत निजलेल्या असतात. मार्चमध्ये अचानक मेल आला की वाचकाला पाठवणारा ओळखू येत नाही. म्हणून हंगामाबाहेरचे ते दोन मेल कामाचे: एक पावसाळ्यानंतर, एक जानेवारीच्या सुमारास मोहोराची स्थिती सांगणारा. यंदा थंडी उशिरा पडली, मोहोर मागे आहे, पहिली पेटी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निघेल, अशी खबर गिऱ्हाइकाला खरोखर हवी असते. ज्यांना आता आंबा नको ते याच मेलमधून शांतपणे नाव कमी करतात आणि मार्चचा महत्त्वाचा मेल स्वच्छ यादीला जातो.

आता त्या ८०० पत्त्यांचं काय करायचं? सगळ्यांना "अजून मेल हवेत का?" असं विचारावं हा मोह टाळावा, कारण चार वर्षांपूर्वीच्या पत्त्यांतले काही बंद पडलेले असतात आणि बंद पडलेले काही पत्ते मेलसेवा निष्काळजी पाठवणाऱ्यांना पकडण्यासाठी मुद्दाम वापरतात. गेल्या हंगामात ज्यांनी खरेदी केली तेवढेच निवडावेत. समजा ते ३१० निघाले. त्यांना रोज पन्नास याप्रमाणे आठवडाभरात एकच मेल जावा: गेल्या वर्षी आपण पेटी घेतलीत, यंदाची खबर हवी असल्यास इथे नाव नोंदवा, नको असल्यास काहीही करू नका. यातले १४० जण होकार देतील असं धरू. उरलेल्या १७० ना पुन्हा मेल नाही. त्या हंगामापासून प्रत्येक पेटीत एक कार्ड ठेवावं, त्यावर फॉर्मचा क्यूआर कोड. आंबा पिकून पेटी उघडली जाते त्या दिवशी गिऱ्हाईक आनंदात असतं, आणि त्या दिवशी दिलेला होकार टिकाऊ असतो.

८०० वरून १४० वर येणं मालकाला झोंबतं. पण त्या ८०० तून मागण्या बारा आल्या होत्या, हे विसरू नये. लहान यादीत एक अडचण जरूर आहे: जीमेलची तक्रारींचा आकडा दाखवणारी मोफत सेवा पुरेसे मेल गेल्याशिवाय माहिती दाखवत नाही. किती जणांनी मेल उघडला हा आकडाही भरवशाचा राहिलेला नाही, कारण ॲपलचं मेल-ॲप २०२१ पासून मेलमधली चित्रं माणसाने न उघडताही स्वतः उतरवून घेऊ शकतं आणि मेल उघडल्याची खोटी नोंद होते. तेव्हा भरवसा ठेवायचा तो दुव्यावरच्या क्लिकवर, उत्तरांवर आणि मागण्यांवर. नाव कमी करणारे दर मेलला थोडे-थोडे येत असतील तर यंत्रणा ठीक चालली आहे. एकही नाव कमी होत नसेल आणि मागण्याही घटत असतील, तर मेल स्पॅममध्ये जात असल्याची शक्यता सर्वात मोठी; मग दोन-तीन ओळखीच्या गिऱ्हाइकांना स्पॅमचा कप्पा उघडून पाहायला सांगावं.

एवढं सगळं करण्यापेक्षा व्हॉट्सॲप बरं, असं कोणी म्हणेल. रोजच्या बोलण्याला ते बरंच आहे. पण व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ च माणसं मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश जातो. ईमेलची यादी साध्या फाईलच्या रूपात तुमच्या हातात राहते, पाठवणारी सेवा बदलली तरी सोबत नेता येते. तेव्हा सेवा बदलताना नाव कमी केलेल्यांची आणि तक्रार केलेल्यांची फाईल आधी नव्या जागी चढवावी, चालू वाचकांची त्यानंतर, आणि पहिला मेल बागेतल्याच एका पत्त्यावर पाठवून त्यातला नाव कमी करण्याचा दुवा दाबून पाहावा.